पैगंबर न मानणारे ‘बराहिमा’: अरबी पंथ-याद्यांतले ब्राह्मण

मध्ययुगीन अरबी ग्रंथांत ‘बराहिमा’ नावाच्या भारतीय पंथाची एक ठरलेली ओळख सापडते. हे लोक ईश्वर मानतात, पण प्रेषित मानत नाहीत. माणसाला बुद्धी दिलेली असताना ईश्वराने दूत पाठवायची गरजच काय, असं ते विचारतात. ‘बराहिमा’ म्हणजे ब्राह्मण. पण आपल्याकडच्या कुठल्या दर्शनात हा वाद या रूपात आहे? प्रेषित ही कल्पनाच जिथे केंद्रस्थानी नाही, तिथे ती नाकारण्यावर पंथाची ओळख कशी उभी राहील? ते समजायला या याद्या कशा तयार होत हे पाहावं लागतं.

पाखंडी मानलेल्या पंथांची सूची करणं हा इस्लामी जगात एक स्वतंत्र लेखनप्रकार होता. त्याच्या मुळाशी मुहम्मद पैगंबरांचं म्हणून सांगितलं जाणारं एक वचन, म्हणजे हदीस आहे: ज्यूंचे ७१ पंथ झाले, ख्रिस्त्यांचे ७२, माझ्या समाजाचे ७३ होतील आणि त्यांतला एकच तरेल. त्यामुळे लेखकाच्या हाती आकडा आधी असे, पंथ नंतर शोधले जात. १०३७ मध्ये वारलेल्या अब्दुल काहिर अल-बगदादीने ७२ चुकलेले पंथ मोजून दाखवले. भर घालायला त्याने मुअतझिली या तर्कवादी प्रवाहातल्या एकेका आचार्याचा वेगळा पंथ केला: नझ्झामचे ते नझ्झामिया, जाहिझचे ते जाहिझिया. खरं तर हे एकाच परंपरेतले, एकमेकांशी वाद घालणारे विद्वान होते. म्हणूनच यादीत पंथाचं नाव आलं एवढ्यावरून तसा संघटित समाज होता असं आजचे अभ्यासक धरत नाहीत.

मजकूर कुठून यायचा हा प्रश्न याहून महत्त्वाचा. नवव्या शतकातला इब्न अर-रावंदी आधी मुअतझिली होता. मग फुटला आणि जुन्या सहकाऱ्यांची मतं उघडी पाडणारं पुस्तक लिहून बसला. ते पुस्तक हरवलं. पण अल-खय्यात या मुअतझिलीने त्याला उत्तर देताना त्यातले उतारे दिले होते. हे उत्तर हस्तलिखितात सापडलं आणि १९२५ मध्ये कैरोत छापलं गेलं. तेव्हा बगदादीच्या वर्णनाचा बराच भाग या शत्रूपक्षाच्या पुस्तकातून आल्याचं दिसलं.

याच रावंदीच्या आणखी एका हरवलेल्या पुस्तकात प्रेषितांविरुद्धचे युक्तिवाद ‘बराहिमा’ंच्या तोंडी होते. १९३० च्या दशकात पॉल क्राउस या अभ्यासकाने मांडलं की पुढच्या याद्यांतले बराहिमा इथूनच आले: धोक्याचं बोलायला लेखकाने परक्यांचा आवाज घेतला आणि नंतरच्यांनी तो खरा पंथ समजून नोंदवला. मला हे पटण्यासारखं वाटत होतं, पण सारा स्ट्रूम्सा यांनी १९८५ मध्ये दाखवलं की ही कल्पना कलामच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या वादविवादांत रावंदीपासून स्वतंत्रपणेही आढळते. म्हणजे सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

या लेखनातली अडचण अल-बिरुनीने तेव्हाच ओळखली होती. भारतावरच्या, साधारण १०३० मधल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो एक उदाहरण देतो. मुअतझिली म्हणत, ईश्वर स्वतःच्या सत्तेनेच सर्वज्ञ आहे. विरोधकाने त्याचं ‘ईश्वराला ज्ञान नाही’ असं करून टाकलं. हिंदूंबद्दलचं लेखनही एकाने दुसऱ्याचं उतरवलेलं आणि न तपासलेलं आहे, असं तो सांगतो.

तरीही या याद्या टाकून देता येत नाहीत, आणि त्याचा पुरावा अशीच पंथांची नोंद करणाऱ्या शहरस्तानीच्या ग्रंथातच आहे. साधारण ११२७ मध्ये लिहिलेल्या ‘अल-मिलल वन्-निहल’मध्ये तो बराहिमांना ‘बराहाम’ नावाचा एक संस्थापक देऊन टाकतो. पण पुढेच तो ‘काबलिया’ पंथाचं वर्णन करतो: त्यांचा दूत ‘शिब’ अंगाला राख फासून, लाल टोपी घालून आणि मानवी कवटीच्या हाडांची माळ लेवून आला. आपल्याला लगेच ओळखू येतो, हा शिव आणि हे कापालिक. चार हातांच्या महाकाळाची मूर्तीही तिथे आहे. असा तपशील वादाच्या खोलीत बसून सुचत नाही. अब्बासी खलिफांचा बरमकी घराण्यातला वजीर याह्या याने औषधी वनस्पती आणायला आणि धर्मांची माहिती लिहायला एक माणूस भारतात पाठवला होता. अशाच वृत्तांतांतून हा तपशील आल्याचं ब्रूस लॉरेन्स यांच्यासारखे अभ्यासक मानतात.

मात्र इथेही साचा सुटलेला नाही. शिवाला शहरस्तानीने ईश्वराचा देवदूत केलं आहे, कारण त्याच्या चौकटीत तेवढीच जागा होती. आणि प्रेषित न मानणाऱ्यांच्या देशात असा दूत आला कसा, हा प्रश्न त्याने दोन प्रकरणं एकमेकांशेजारी ठेवूनही उपस्थित केला नाही.