टीडीएस उशिरा भरल्याच्या गुन्ह्याचे कंपाउंडिंग

पगारातून किंवा कंत्राटदाराच्या बिलातून कापलेला टीडीएस मुदतीत सरकारजमा न करणे हा आयकर अधिनियम, 1961 च्या कलम 276ब खाली फौजदारी गुन्हा आहे. त्याला तीन महिने ते सात वर्षे सक्तमजुरी आणि दंड अशी शिक्षा आहे. ठरावीक शुल्क भरून हा खटला टाळता किंवा मिटवता येतो. यालाच कंपाउंडिंग म्हणतात आणि त्याचा अधिकार कलम 279(2) मधून येतो. खटला दाखल होण्याआधी आणि नंतरही अर्ज करता येतो. 1 एप्रिल 2026 पासून आयकर अधिनियम, 2025 लागू झाला आहे. ही नोंद त्याआधीच्या, 1961 च्या अधिनियमाखालच्या कसुरींबद्दल आहे.

सध्याची रीत केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 17 ऑक्टोबर 2024 च्या मार्गदर्शक सूचनांवरून ठरते. आधीच्या सूचनांत गुन्ह्यांचे प्रकार पाडलेले होते, अर्ज किती वेळा करता येईल यावर मर्यादा होती आणि तक्रार दाखल झाल्यावर अर्जाला मुदतही होती. या तिन्ही गोष्टी आता गेल्या आहेत. टीडीएसच्या कसुरीला पूर्वी दरमहा 2, 3 किंवा 5 टक्के असे वेगवेगळे दर होते. आता दरमहा 1.5 टक्के हा एकच दर आहे. तरीही कंपाउंडिंग हा करदात्याचा हक्क नाही. मंजुरी द्यायची की नाही हे प्रधान मुख्य आयकर आयुक्त किंवा मुख्य आयुक्त ठरवतात, आणि त्याआधी टीडीएस शाखेचा अहवाल मागवला जातो.

भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे काल्पनिक उदाहरण घेऊ. कंपनीने 2023 मध्ये 30 एप्रिलला 8 लाख, 31 मे रोजी 7 लाख आणि 30 जूनला 9 लाख रुपये टीडीएस कापला. मोठ्या ग्राहकाकडून पैसे अडकले म्हणून तिन्ही रकमा एकदम 12 डिसेंबर 2023 ला भरल्या. एकूण रक्कम 24 लाख. 2019 च्या परिपत्रकानुसार 25 लाखांपर्यंतच्या टीडीएसला साठ दिवसांपेक्षा कमी उशीर झाला, तर सहसा खटला भरत नाहीत. पण दोन्ही अटी एकत्र पाळल्या गेल्या पाहिजेत. इथे रक्कम मर्यादेत असली तरी उशीर काही महिन्यांचा आहे, म्हणून कारणे दाखवा नोटीस येते. ती कंपनीबरोबरच प्रमुख अधिकारी म्हणून संचालकांच्या नावेही निघते.

आता हिशेब. कंपाउंडिंगचा काळ कपातीच्या तारखेपासून भरण्याच्या तारखेपर्यंत मोजतात, म्हणजे उशिरा भरलेल्या टीडीएसवरचे कलम 201(1अ) चे व्याज मोजतात तसाच. महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. आयकर विभागाच्या टीडीएस संकेतस्थळाच्या, म्हणजे ट्रेसेसच्या, रीतीने कॅलेंडर महिने मोजले तर एप्रिलच्या रकमेला 9 महिने लागतात आणि 13.5 टक्क्यांनी 1,08,000 रुपये होतात. मेच्या रकमेला 8 महिने, म्हणजे 84,000 रुपये. जूनच्या रकमेला 7 महिने, म्हणजे 94,500 रुपये. बेरीज 2,86,500 रुपये.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपासून, म्हणजे भरण्याच्या मुदतीपासून मोजणे. तसे केले की प्रत्येक रकमेचा एक महिना कमी येतो आणि आकडा विभागाच्या आकड्याशी जुळत नाही. दुसरी चूक जास्त त्रास देते. उशिराचे व्याजही याच दराने, याच काळाचे आणि म्हणून 2,86,500 रुपयेच असते. आकडा तोच दिसल्यामुळे अकाउंटंट म्हणतो, ‘हे तर आपण भरलंय.’ ते व्याज होते. कंपाउंडिंगचे शुल्क त्याव्यतिरिक्त आहे, आणि व्याज आधी भरलेले असणे ही तर अर्जाची पहिली अट आहे. म्हणून अर्जाला हात लावण्याआधी ट्रेसेसवरचा डिफॉल्ट समरी उघडून थकबाकी शून्य करावी. विवरणपत्रातल्या चुकीने पडलेली शंभर-दोनशे रुपयांची जुनी मागणीसुद्धा मागे ठेवू नये. अर्ज अडकायला तेवढी पुरते.

अर्ज सूचनांसोबतच्या परिशिष्टातल्या नमुन्यात, प्रतिज्ञापत्राच्या रूपात द्यायचा असतो. सूचनांत 100 रुपयांचा स्टँप पेपर म्हटले आहे, पण महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून प्रतिज्ञापत्राला 500 रुपयांचा पेपर लागतो. एका अर्जाचे शुल्क 25,000 रुपये, एकत्रित अर्जाचे 50,000. ते परत मिळत नाही, मात्र पुढे अंतिम रकमेत वळते होते. आपल्या उदाहरणात मूळ हिशेबातून 25,000 वजा जाता 2,61,500 उरतात. प्रत्यक्षात भरायचा आकडा मात्र विभागाच्या पत्रात असेल तोच.

प्रतिज्ञापत्रात कर, व्याज, दंड भरल्याचे विधान असते. गुन्ह्याशी संबंधित अपील मागे घेण्याची हमी आणि नंतर काही रक्कम निघाल्यास ती भरण्याची हमीही द्यावी लागते. व्याजाविरुद्ध अपील चालू ठेवून कंपाउंडिंग मागता येत नाही. दोहोंपैकी एक रस्ता आधीच निवडावा.

सोबतच्या निवेदनाचा खरा कणा म्हणजे एक साधा तक्ता: कपातीची तारीख, रक्कम, देय तारीख, चलनावरचा बँक शाखेचा बीएसआर कोड, चलन क्रमांक, भरल्याची तारीख, महिने, व्याज. त्याची प्रत्येक ओळ चलनाशी आणि तिमाही विवरणपत्राशी, आणि बेरजा लेखापरीक्षणाच्या फॉर्म 3CD मधल्या कलम 34 शी जुळल्या पाहिजेत. छाननी करणारा अधिकारी हे तिन्ही कागद शेजारी ठेवतो. तक्त्यात जूनची कपात ‘30 जून’ आणि विवरणपत्रात ‘5 जुलै’ असेल, तर महिना बदलतो, शुल्क बदलते आणि खुलाशाचे पत्र येते. तफावत असेल तर विवरणपत्र आधी दुरुस्त करावे, मग तक्ता करावा.

उशिराचे कारण दोन-तीन परिच्छेदांत, पुराव्यासह सांगावे. कॅश क्रेडिटचे बँक स्टेटमेंट आणि ग्राहकाच्या थकलेल्या बिलांची यादी पुरते. वाजवी कारण होते म्हणून शिक्षाच नको, हा बचाव कलम 278अअ खाली न्यायालयात मांडायचा असतो. अर्जात तो वाद घातला तर अर्ज तडजोडीचा आहे की बचावाचा, हेच कळेनासे होते.

कंपनीसाठी संचालक मंडळाचा ठराव जोडावा आणि नोटिशीतल्या सर्व सहआरोपींची नावे अर्जात लिहावीत. मुख्य आरोपी किंवा कोणत्याही सहआरोपीने शुल्क भरले तरी सगळ्यांचा गुन्हा मिटू शकतो, आणि सहआरोपींचे वेगळे शुल्क आता नाही. राजीनामा दिलेल्या संचालकाचे नाव विसरले, तर खटला त्याच्यापुरता लोंबकळत राहण्याचा धोका असतो.

अर्ज पुण्याच्या प्रधान मुख्य आयुक्तांच्या नावे द्यावा, प्रत टीडीएस अधिकाऱ्याला द्यावी आणि पोच घ्यावी. दुरुस्त करता येण्याजोग्या त्रुटीमुळे अर्ज नाकारला गेला तर ती दूर करून नव्याने अर्ज करता येतो. मंजुरीच्या पत्रानंतर, ते मिळालेल्या महिन्याच्या अखेरीपासून एक महिन्यात रक्कम भरायची. मुदतवाढ मागता येते आणि उशिरावर व्याज आता लागत नाही.

खटला आधीच दाखल असेल तर अर्ज दिल्याने तो आपोआप थांबत नाही. अंतिम आदेश येईपर्यंत प्रत्येक तारखेला वकिलामार्फत हजेरी, पोचेची प्रत आणि तहकुबीचा अर्ज द्यावा लागतो. नाहीतर अर्ज विचाराधीन असतानाच वॉरंट निघते. रक्कम भरल्यावर कंपाउंडिंगचा आदेश निघतो, तो विभागाच्या वकिलामार्फत न्यायालयात सादर होतो आणि त्यावर न्यायालय प्रकरण निकाली काढते. त्या न्यायालयीन आदेशाची प्रमाणित प्रत मागून घ्यावी. बँकेच्या किंवा निविदेच्या फॉर्मात ‘प्रलंबित फौजदारी प्रकरणे’ या रकान्यापुढे तीच दाखवावी लागते.