तासाला सहा बस, तरी सतरा मिनिटांची वाट

एखाद्या थांब्यावरून तासाला सहा बस जातात असं कळलं, की आपण मनातल्या मनात भागाकार करतो आणि म्हणतो, दर दहा मिनिटांनी बस आहे. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र पुष्कळदा याहून जास्त वाट पाहावी लागते. त्याचा दोष आपण लगेच वाहतूक कोंडीला देतो. पण हा फरक कित्येकदा वेळापत्रकातच दडलेला असतो, आणि नीट मोजलं तर एकही बस रस्त्यावर येण्याआधी तो सापडतो.

हे मोजायला वेळापत्रक संगणकाला वाचता येईल अशा रूपात हवं. जगभरातल्या अनेक शहरांच्या बस आणि मेट्रो त्यासाठी जीटीएफएस नावाचा साचा वापरतात. 2005 च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेने आणि गूगलने मिळून तो सुरू केला. हा साचा म्हणजे एका झिप फाइलमध्ये बांधलेल्या काही साध्या मजकूर फाइली. `stops.txt` मध्ये प्रत्येक थांब्याचं नाव आणि अक्षांश-रेखांश असतात, `routes.txt` मध्ये मार्ग, आणि `trips.txt` मध्ये त्या मार्गावरची प्रत्येक फेरी. सगळ्यात मोठी फाइल `stop_times.txt`. कुठली फेरी कुठल्या थांब्यावर किती वाजता पोचते, याची एकेक ओळ तिच्यात असते.

नकाशा काढणं त्यामानाने सोपं. थांबे म्हणजे ठिपके. मार्गाची रेघ `shapes.txt` मधून येते. त्यात रस्त्याच्या वळणावळणावरचे बिंदू क्रमांकासह दिलेले असतात आणि ते क्रमाने जोडायचे. हा क्रम संगणकाने संख्या म्हणून न वाचता मजकूर म्हणून वाचला, तर 1 नंतर 10 येतो आणि 2 मागे पडतो. मग मार्ग रस्ता सोडून गावभर उलटसुलट धावताना दिसतो. ही फाइल नसेल तर लोक थांबेच सरळ रेघांनी जोडतात. पुण्यात अशी रेघ पूल नसलेल्या जागी मुठा नदी ओलांडू लागली किंवा वेताळ टेकडी आरपार कापू लागली, की समजावं हा बसचा खरा रस्ता नव्हे. आणखी एक चूक फार होते. पुण्याचा अक्षांश साधारण 18.5 आणि रेखांश 73.85. नकाशाच्या काही फाइलींत आधी रेखांश लिहायचा असतो, काहींत आधी अक्षांश. अदलाबदल झाली तर स्वारगेट थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात जाऊन पडतं. ही चूक निदान पाहताक्षणी कळते.

बस मोजताना होणाऱ्या चुका अशा डोळ्यांना दिसत नाहीत. सोमवार ते शनिवारच्या आणि रविवारच्या फेऱ्या एकाच फाइलीत असतात. कुठली फेरी कुठल्या दिवशी, हे `calendar.txt` सांगते आणि सणासुदीचे अपवाद `calendar_dates.txt` मध्ये असतात. म्हणून आधी एक ठरावीक तारीख निवडायची, त्या दिवशी चालणाऱ्या सेवांची, म्हणजे ठरावीक दिवशी धावणाऱ्या फेऱ्यांच्या गटांची, यादी काढायची आणि मगच मोजायला बसायचं. हे न करता सगळ्या ओळी मोजल्या, तर आकडा जवळपास दुप्पट होऊ शकतो आणि तरीही अगदी पटण्यासारखा वाटतो. समजा त्या दिवशी `WEEKDAY` ही एकच सेवा चालू आहे. मग प्रश्न इतकाच उरतो:

```sql
SELECT st.stop_id, COUNT(*) AS buses
FROM stop_times st
JOIN trips t ON t.trip_id = st.trip_id
WHERE t.service_id = 'WEEKDAY'
  AND st.departure_time >= '08:00:00'
  AND st.departure_time <  '09:00:00'
GROUP BY st.stop_id;
```

इथे वेळेची तुलना मजकूर म्हणून होते आहे. फाइलीत `08:05:00` ऐवजी `8:05:00` असं लिहिलेलं असेल, आणि साच्याला ते चालतं, तर ती बस गुपचूप गळून पडते. मध्यरात्रीनंतरच्या फेऱ्याही जपून हाताळाव्या लागतात. आदल्या दिवशीच्या सेवेतली रात्री 12 वाजून 40 मिनिटांची बस `24:40:00` अशी लिहितात, आणि ती चूक नसते.

कुठला थांबा मोजतो आहोत, तेही पाहायला हवं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच नावाचे दोन थांबे असतात. नावावरून मोजलं तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या बस एकत्र होतात, म्हणून मोजणी `stop_id` वरूनच करावी. स्वारगेटसारख्या ठिकाणी आणखी एक काळजी घ्यावी लागते. तिथे संपणाऱ्या फेऱ्यांचीही ओळ असते, पण त्या बसमध्ये कुणी चढणार नसतं. प्रत्येक फेरीची शेवटची ओळ वगळली नाही, तर जिथे बस येऊन संपतात तेच थांबे शहरातले सगळ्यात चांगले ठरतात.

एवढं केल्यावर आकडा खरा मिळतो, पण प्रवाशाची वाट अजून मोजायचीच आहे. समजा नळ स्टॉपच्या डेक्कनकडे जाणाऱ्या थांब्यावर दोन मार्गांच्या बस येतात, एक कोथरूड डेपोकडून आणि एक वारज्याकडून. पौड फाट्याला दोन्ही कर्वे रस्त्यावर एकत्र येतात. दोन्हींची बस दर वीस मिनिटांनी आहे. पहिल्या मार्गाची बस 8:00, 8:20, 8:40 ला येते आणि दुसऱ्याची 8:03, 8:23, 8:43 ला. हे आकडे उदाहरणापुरते घेतलेले आहेत. तासात सहा बस झाल्या. मधली अंतरं मात्र 3, 17, 3, 17, 3, 17 मिनिटं अशी आहेत.

आता डेक्कनला जायचं असलेला माणूस वेळापत्रक न पाहता थांब्यावर येतो. त्याला दोन्ही बस चालतात. तासातली 51 मिनिटं सतरा-सतरा मिनिटांच्या पोकळीत गेलेली आहेत, म्हणजे तो अशा पोकळीत येऊन उभा राहण्याची शक्यता 85 टक्के. सरासरी वाट काढायची तर प्रत्येक अंतराचा वर्ग करायचा, त्या सगळ्यांची बेरीज करायची आणि अंतरांच्या बेरजेच्या दुपटीने भागायचं. वर्ग अशासाठी, की मोठ्या पोकळीत वाट जास्त पाहावी लागते आणि तिच्यात सापडणारी माणसंही जास्त असतात. इथे वर्गांची बेरीज 894 येते, तिला 120 ने भागलं की जवळपास साडेसात मिनिटं. याच सहा बस दहा-दहा मिनिटांच्या अंतराने आल्या असत्या, तर सरासरी वाट पाच मिनिटं झाली असती.

असं का होतं, तर वेळा मार्गागणिक आखल्या जातात. प्रत्येक मार्ग स्वतंत्रपणे पाहिला तर दर वीस मिनिटांची शिस्त पाळतो. दोन मार्ग एकाच रस्त्यावर आल्यावर काय होतं, हे कुठल्याच एका मार्गाच्या कागदावर दिसत नाही. वारज्याच्या फेऱ्या फक्त सात मिनिटं उशिरा सोडल्या, तर अंतरं सारखी होतात. त्याला नवी बस किंवा जादा चालक लागत नाही, मात्र त्या बसच्या पुढच्या फेऱ्यांचं आणि चालकांच्या ड्युटीचं गणित पुन्हा जुळवावं लागतं. म्हणून मला वाटतं, थांब्यांच्या नकाशावर तासाला किती बस एवढाच रंग भरणं अपुरं आहे. त्याच्याशेजारी सरासरी वाट आणि सगळ्यात मोठी पोकळी दाखवायलाच हवी.

या हिशोबाला एक मर्यादा आहे. पुष्कळ वेळापत्रकांत पक्की वेळ फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या थांब्याची असते आणि मधल्या वेळा अंतराच्या प्रमाणात वाटून भरलेल्या असतात. हे ओळखण्यासाठी लागोपाठच्या थांब्यांमधला वेग काढून पाहावा. भल्या सकाळी आणि संध्याकाळच्या गर्दीत, मोकळ्या रस्त्यावर आणि लक्ष्मी रस्त्यावरही तो तंतोतंत सारखाच निघाला, तर त्या वेळा कुणी मोजलेल्या नाहीत. अशा ठिकाणी 3 आणि 17 मिनिटांचा फरक भरवशाचा असतो, पण 9 आणि 11 चा नाही. प्रत्यक्षात बस किती अंतराने आल्या, हे पाहायला धावत्या बसच्या जीपीएस नोंदी लागतात. त्यांवरही हाच वर्गांचा हिशोब जसाच्या तसा चालतो, फक्त वेळा छापील नसून घडलेल्या असतात.