सतरंजीवरच्या काड्या आणि त्यात लपलेलं वर्तुळ

मे महिन्यातली अमळनेरची दुपार. बाहेर ऊन असं की अंगणात कावळासुद्धा दिसत नव्हता, वर लाईट गेलेली. भाची सुट्टीला आली होती आणि कंटाळली होती. घरात लग्नकार्याला काढतात ती पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी अंथरलेली होती: एक निळा पट्टा, एक लाल, प्रत्येक बरोबर ५ सेंटिमीटर रुंद. मी खराट्याच्या दहा काड्या काढल्या, पट्टीने मोजून प्रत्येकी ५ सेंटिमीटरच्या कापल्या आणि तिला म्हटलं, "या टाक सतरंजीवर. निळ्या-लालच्या सीमेवर किती काड्या आडव्या पडतात ते मोज. त्यातून आपण पाय काढू."

"वर्तुळाचा पाय? इथे गोल काय आहे, मामा?"

प्रश्न अगदी बरोबर होता. सतरंजी सरळ, पट्टे सरळ, काडीही सरळ. फ्रान्समधल्या ब्युफाँने हाच खेळ १७३३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला आणि १७७७ मध्ये छापला. त्याने विचारलं होतं: सारख्या अंतरावरच्या रेघांवर सुई टाकली तर ती रेघेला छेदण्याची शक्यता किती?

काडी कुठे पडली हे सांगायला दोनच गोष्टी लागतात. एक, काडीचा मधला बिंदू जवळच्या सीमारेषेपासून किती लांब आहे. पट्टा ५ सेंटिमीटरचा, म्हणून हे अंतर ० ते २.५ सेंटिमीटरच्या आतच राहणार. त्याला x म्हणू. दुसरी, काडी सीमारेषेशी किती अंशाचा कोन करते. तो ० ते ९० अंश. त्याला θ म्हणू. काडी नीट उधळली असेल तर x ची कोणतीही किंमत सारखीच संभवते, कोनाचीही तशीच, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. सगळं गणित या एका गृहीतावर उभं आहे, ते पुढे आपल्याला नडणार आहे.

आता कोन घट्ट धरून ठेवू, फक्त जागा बदलू. मधल्या बिंदूपासून काडीचं एकेक टोक २.५ सेंटिमीटर लांब आहे. पण काडी तिरपी असेल तर ते टोक सीमेच्या दिशेने तेवढं पुढे जात नाही, फक्त 2.5 sin θ एवढंच जातं. मग काडी सीमेला कधी छेदेल? x त्याहून लहान असेल तेव्हा:

x ≤ 2.5 sin θ

x तर ० ते २.५ मध्ये कुठेही सारख्याच शक्यतेने असतो. म्हणून त्या कोनासाठी छेदण्याची शक्यता 2.5 sin θ ला २.५ ने भागून येते, म्हणजे नुसती sin θ. काडी सीमेला समांतर पडली तर शून्य, काटकोनात पडली तर १, ३० अंशात पडली तर निम्मी. जागेचा हिशेब इथे संपला.

राहिला कोन. सगळ्या कोनांवरची sin θ ची सरासरी काढायची आहे. १ एकक त्रिज्येचं पाव वर्तुळ डोळ्यांपुढे आणा. त्यावर एक मुंगी उजव्या टोकापासून वर माथ्यापर्यंत सारख्या वेगाने चढते आहे. कोन θ असताना तिने कमानीवर अगदी बारीक पाऊल टाकलं, तर त्यातला आडवा भाग पावलाच्या sin θ पट असतो. सुरुवातीला ती सरळ वर जाते, आडवी जवळजवळ सरकतच नाही. माथ्याजवळ जवळजवळ आडवीच चालते. सगळ्या पावलांचे आडवे भाग मिळवले की ती आडवी एकूण त्रिज्येएवढी, म्हणजे १ एकक सरकलेली असते. संकलनाच्या भाषेत ० ते π/2 पर्यंत sin θ चं संकलन १ येतं ते हेच. आणि मुंगी कमानीवर चालली ती लांबी π/2. सरासरी म्हणजे १ भागिले π/2:

P = 2/π ≈ 0.637

म्हणजे वर्तुळ काडीत नव्हतं, सतरंजीतही नव्हतं. काडी कोणत्याही दिशेला पडू शकते यात ते होतं. (काडी L लांब आणि पट्टा d रुंद असेल, आणि काडी पट्ट्यापेक्षा लांब नसेल, तर सूत्र 2L/πd. काडी त्याहून लांब असेल तर काटकोनाजवळच्या कोनांत शक्यता १ च्या वर जाऊ लागते, जे शक्य नाही, म्हणून तिथे संकलन तुकड्यांत करावं लागतं.) उलटं फिरवलं तर आपल्या सतरंजीवर π म्हणजे टाकलेल्या काड्यांची दुप्पट भागिले छेदलेल्या काड्या.

भाचीने २०० काड्या टाकल्या. १४६ छेदल्या. ४०० भागिले १४६, उत्तर २.७४. आई स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, "हाऊ काय खेळ से?" आणि परत गेली.

हे उत्तर नुसतं नशीब खराब म्हणून आलं असेल का? अपेक्षा १२७ ची होती आणि २०० काड्यांत सुमारे ७ चा इकडेतिकडे फरक सहज पडतो. १९ चा फरक सहज म्हणता येत नाही. म्हणून पुढच्या फेरीत आम्ही छेदणं सोडून फक्त कोन मोजले: ० ते ३०, ३० ते ६०, ६० ते ९० अंश. प्रत्येक गटात साधारण ६७ काड्या यायला हव्यात. आल्या ४४, ५८ आणि ९८. भाची सतरंजीच्या एका बाजूला बसून पट्ट्यांना आडवा हात धरून अगदी खालून काड्या सोडत होती. मऊ कापडावर काडी उसळत नाही, हातात होती तशीच बसते. या तीन गटांत छेदण्याची सरासरी शक्यता ०.२६, ०.७० आणि ०.९५ आहे, त्यावरून हिशेब केला तर सुमारे १४५ येतात. दोष तिथेच होता. मग काड्या मुठीत घोळवून, उभं राहून उंचावरून टाकायच्या असं ठरलं. गट झाले ६४, ७० आणि ६६, छेद १२४, पाय ३.२३. चांगलं उत्तर नाही, पण २०० काड्यांत उत्तर सुमारे ०.१७ ने हुकणं चालायचंच. हा फरक ०.०१ वर आणायचा तर छप्पन्न हजारांवर काड्या टाकाव्या लागतील.

म्हणूनच लाझारीनी या इटालियन गृहस्थाचं १९०१ मधलं उत्तर बघून भुवई वर जाते. २.५ सेंटिमीटरची सुई, ३ सेंटिमीटरवर रेघा, ३४०८ वेळा टाकली, १८०८ वेळा छेदली. 2L/πd उलटं फिरवलं की पाय येतो ५/३ गुणिले ३४०८ भागिले १८०८, बरोबर ३५५/११३, म्हणजे ३.१४१५९२९, सहा दशांश स्थळं अचूक. एवढ्या फेऱ्यांत छेदांची संख्या सुमारे २९ ने इकडेतिकडे व्हायला हवी. एकच छेद जास्त, १८०९ झाला असता तर उत्तर ३.१३९९ आलं असतं. ३४०८ म्हणजे २१३ च्या सोळा पट, १८०८ म्हणजे ११३ च्या सोळा पट, आणि २१३ ला ५/३ ने गुणलं की ३५५. हव्या त्या अपूर्णांकाच्या पटीत फेऱ्या मोजायच्या आणि आकडा जुळला की थांबायचं, असं केलं की हे जमतं.

मी हे सांगत होतो तोवर भाचीने हिशेब लावला होता. तिने ११ काड्या टाकल्या. ७ छेदल्या. २२ भागिले ७.

"झालं मामा, आता मी थांबते."

११ पैकी नेमक्या ७ छेदण्याची शक्यता चारात एक आहे. ती तिसऱ्या प्रयत्नात थांबली होती. आधीचे दोन तिने मला सांगितले नाहीत, मीच बघितले.