बिलिंग यंत्राचे मान्य पत्ते : दुकान-कर्मचाऱ्यांसाठीचे प्रशिक्षण भाषण

बिल काढण्याच्या संगणकाला इंटरनेटवरील मोजक्या, आधीच ठरवून दिलेल्या ठिकाणांशीच संपर्क का करू दिला जातो, हे दुकानातील कर्मचाऱ्यांना समजावून सांगण्यासाठी लिहून ठेवलेल्या भाषणाला हे नाव आहे. अशा ठिकाणांच्या यादीला ‘मान्य पत्त्यांची यादी’ म्हणतात. यादीबाहेरचा प्रत्येक पत्ता, तो चांगला की वाईट हे न तपासता, अडवला जातो. भाषण साधारण वीस मिनिटांचे असते आणि नवा माणूस गल्ल्यावर बसण्यापूर्वी किंवा हंगामाच्या तोंडावर दिले जाते. ग्रामीण विदर्भातील कृषी सेवा केंद्रांत खरिपाची गर्दी जूनमध्ये सुरू होते आणि त्या गर्दीत कोणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो, त्यामुळे मे महिन्याचा उत्तरार्ध त्यासाठी अधिक सोयीचा ठरतो.

भाषणाची सुरुवात यंत्रात काय आहे येथून करणे उपयुक्त ठरते. कार्डाचे यंत्र आणि क्यूआर कोडजवळचा बोलणारा डबा ही बहुधा स्वतःच्या सिमकार्डावर चालणारी वेगळी उपकरणे असतात, तसेच अनुदानित खत विकताना आधार पडताळणी करणारे यंत्रही वेगळे असते. त्यामुळे ‘बिलाच्या संगणकात पैसा नाहीच, मग चोरणार काय’ असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्यात शेतकऱ्यांची नावे, गावे, मोबाईल क्रमांक आणि उधारीचे खाते असते. कापूस विकला जाईपर्यंत कोणाकडे किती रक्कम थकली आहे, हे त्या खात्यात ओळीने लिहिलेले असते. अशी माहिती हाती असलेला ठग त्या शेतकऱ्याला दुकानाच्या नावाने फोन करून थकबाकीचा नेमका आकडा सांगू शकतो, आणि आकडा खरा असल्यामुळे त्याच्यावर विश्वास बसतो.

बाहेर जाणाऱ्याला का अडवायचे

भाषणाच्या या टप्प्यावर ‘बाहेरून येणाऱ्याला अडवा ना जी, आतून जाणाऱ्याला कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तो योग्यच आहे. त्याचे उत्तर विदर्भातील श्रोत्यांना जिनिंगच्या फाटकावरून चटकन समजते. कापसाची गाडी आत येताना वजन होते, पण भरलेली गाडी बाहेर पडताना गेटपास पाहिल्याशिवाय सोडत नाहीत, कारण माल चोरीला जातो तो बाहेर पडतानाच. संगणकाचेही तसेच आहे. घातक प्रोग्राम पेनड्राइव्हमधून, फोनवर आलेल्या फाइलमधून किंवा दुरुस्तीच्या निमित्ताने आत येऊ शकतो आणि तो प्रत्येक वेळी पकडला जाईलच, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. मात्र आत आलेल्या प्रोग्रामला माहिती चोराकडे पोहोचवण्यासाठी बाहेरच्या कुठल्यातरी पत्त्याशी बोलावेच लागते. तो पत्ता यादीत नसेल, तर चोरी अर्ध्यावर थांबते.

हा उपाय बिलाच्या संगणकाला विशेष लागू पडतो, कारण त्याचे बोलणे मुळातच थोडे असते. घरच्या संगणकावरून माणूस दिवसभरात शेकडो ठिकाणी जातो, त्यामुळे तेथे यादी करणे अवघड असते. बिलाच्या संगणकाची यादी मात्र चार-पाच ओळींत संपते : बिलिंग सॉफ्टवेअरच्या कंपनीचा सर्व्हर, रोजच्या नोंदींची प्रत ठेवण्याची जागा, विषाणूरोधक प्रोग्रामच्या अद्यतनाचा पत्ता, घड्याळ जुळवून देणारा सर्व्हर आणि दुकानाला लागत असल्यास ई-वे बिलाचे सरकारी संकेतस्थळ. यापलीकडे त्याला काही काम नाही, म्हणून सहाव्या ठिकाणी जाण्याचा प्रयत्न हीच एक बातमी असते.

यादीची अंमलबजावणी सहसा राऊटरमधील फायरवॉल, म्हणजे संपर्क सोडणारी किंवा अडवणारी व्यवस्था, करते. केवळ राऊटरवर विसंबणे मात्र अपुरे आहे. विंडोजची अंगभूत फायरवॉल मूळ स्थितीत बाहेर जाणारे संपर्क अडवत नाही, त्यामुळे संगणकावरही तेच नियम मुद्दाम लावावे लागतात. संपर्काच्या प्रकारावरून निवड करण्याचाही उपयोग होत नाही, कारण बिलिंग कंपनीचा सर्व्हर आणि चोराचा सर्व्हर दोघेही ४४३ क्रमांकाचे तेच पोर्ट वापरू शकतात. फरक फक्त पत्त्यात असतो.

एक उदाहरण

भाषणात एकच प्रसंग सविस्तर सांगितल्यास तो श्रोत्यांच्या लक्षात राहतो. समजा, जूनचा दुसरा आठवडा आहे, पाऊस पडून गेला आहे आणि बियाण्यांसाठी दुकानासमोर रांग आहे. गल्ल्यावरील मुलाला फोन येतो. ‘बिलिंगच्या कंपनीतून बोलतो, भाऊ. कराच्या दराचं नवीन अपडेट आहे, आज टाकलं नाही तर उद्या बिल निघणार नाही. व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली आहे, तेवढी संगणकावर टाका.’ मुलगा फाइल पेनड्राइव्हने संगणकावर घेतो आणि चालवतो. प्रोग्राम उधारीचे खाते वाचून एका अनोळखी पत्त्यावर पाठवू पाहतो. राऊटर तो संपर्क अडवतो आणि नोंद करतो. प्रोग्राम दर पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करत राहतो :

```
13:05:10 BILL-DROP SRC=192.168.10.20 DST=198.51.100.77 PROTO=TCP DPT=443
13:10:10 BILL-DROP SRC=192.168.10.20 DST=198.51.100.77 PROTO=TCP DPT=443
13:15:10 BILL-DROP SRC=192.168.10.20 DST=198.51.100.77 PROTO=TCP DPT=443
```

वेळेनंतरच्या पहिल्या शब्दातून संपर्क अडवल्याचे कळते, `SRC` म्हणजे बिलाचा संगणक, `DST` म्हणजे तो जेथे जाऊ पाहत होता ते ठिकाण. या ओळी कर्मचाऱ्यांनी वाचाव्यात अशी अपेक्षा नसते, पण भाषणात त्या दाखवणे योग्य ठरते, कारण त्यांतील वेळा कोणालाही बोलक्या वाटतात. माणूस बिले काढतो तेव्हा संपर्क कमी-जास्त अंतराने होतात. येथे दुपारी जेवणाच्या सुट्टीत एकही बिल निघालेले नसताना सेकंदापर्यंत सारख्या अंतराने प्रयत्न होत आहेत. अशी नियमितता माणसाची नसते. अर्थात अद्यतन शोधणारा प्रामाणिक प्रोग्रामही ठरावीक अंतराने प्रयत्न करतो, म्हणून अंतरावरून संशय घ्यावा आणि पत्ता कोणाचा आहे हे पाहून निर्णय करावा.

प्रसंगाचा खरा गाभा यानंतर येतो. पडद्यावर ‘अपडेट अपूर्ण, इंटरनेट तपासा’ असा संदेश दिसतो आणि फोनवरील माणूस म्हणतो, ‘तुमच्या दुकानाचं नेट बरोबर नाही, मोबाईलचं नेट जोडून पाहा.’ मुलाने मोबाईल केबलने जोडला, तर संगणक राऊटरला वळसा घालून थेट बाहेर बोलू लागतो, आणि संगणकावर स्वतंत्र नियम नसतील तर काही सेकंदांत सगळे खाते निघून जाते. ज्या भागात पावसाळ्यात लाइन तुटून इंटरनेट तासन्‌तास बंद राहते, तेथे मोबाईलचे नेट जोडणे ही रोजची, निरुपद्रवी वाटणारी सवय असते. या प्रसंगात ठगाला संगणकातले काही फोडावे लागत नाही, त्याला फक्त ही सवय पुरते. म्हणून भाषणातील सर्वांत ठाम वाक्य हेच असावे : दुकानाचे नेट बंद पडले तरी बिलाच्या संगणकाला कोणाचाही मोबाईल जोडायचा नाही, तेवढा वेळ छापील बिलबुकावर बिल फाडायचे आणि नोंद नंतर चढवायची. बिलबुक गल्ल्याखाली तयार नसेल, तर हा नियम पाळला जाणार नाही, हे दुकानमालकाने ध्यानात घ्यावे.

फाइल चालवून झाली असल्यास काय करावे, हेही या प्रसंगातच सांगितले जाते. फोन ठेवावा, नेटची केबल काढावी, वायफाय बंद करावे, पण संगणक बंद करू नये, कारण प्रोग्रामच्या काही खुणा चालू स्मृतीतच असतात आणि वीज गेली की त्या पुसल्या जातात. त्यानंतर संगणकावर चिकटवलेल्या क्रमांकावर फोन करावा. आलेल्या फोनचा क्रमांक वापरू नये. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीला लगेच कळवावे. मुलाला रागावले जाणार नाही, हे मालकाने भाषणाच्या वेळीच सर्वांसमोर सांगितलेले असावे. शिक्षेच्या भीतीने संध्याकाळपर्यंत लपवलेली चूक ही मूळ चुकीपेक्षा महाग पडते.

यादीच्या मर्यादा

यादी फक्त बाहेरच्या पत्त्यांची असून भागत नाही. अमेरिकेतील टार्गेट या दुकान-साखळीत २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बिलिंग यंत्रांत घातक प्रोग्राम शिरला आणि सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. चोरांनी माहिती आधी कंपनीच्याच जाळ्यातील दुसऱ्या संगणकावर गोळा केली आणि तेथून ती बाहेर पाठवली. शिरकाव झाला होता तो वातानुकूलन यंत्रणेचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या प्रवेश-ओळखीतून. लहान दुकानात याचा अर्थ साधा आहे : बिलाच्या संगणकाने मालकाच्या लॅपटॉपशी, कॅमेऱ्याच्या डब्याशी किंवा कर्मचाऱ्यांच्या मोबाईलशीही बोलता कामा नये. त्याच्या यादीत दुकानातील उपकरण म्हणून छपाईयंत्राला जागा असते, आणि बहुतेक ठिकाणी तेही केबलनेच जोडलेले असते.

दुसरी वाट नाव विचारण्याची आहे. संगणक कुठल्याही सर्व्हरकडे जाण्यापूर्वी त्याच्या नावाचा क्रमांक डीएनएस या सेवेकडून विचारून घेतो. फोर्सपॉइंट या सुरक्षा कंपनीने २०१८ मध्ये उघडकीस आणलेला यूडीपॉस हा प्रोग्राम चोरलेली माहिती या चौकशीतच लपवून बाहेर पाठवत असे. म्हणून बिलाच्या संगणकाला केवळ यादीतील नावांचीच चौकशी करू देणे सुरक्षित असते. यादीत एखाद्या मोठ्या क्लाउड कंपनीचे सरसकट नाव घालणेही तसेच धोक्याचे आहे, कारण त्याच कंपनीकडे चोरही जागा भाड्याने घेऊ शकतो. दुकानाच्या सर्व्हरचे पूर्ण नाव घालावे, अर्धे नाही.

खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारे काही प्रोग्राम बाहेर कोणाशी न बोलताही नुकसान करतात. त्यांच्यापुढे यादी उपयोगी पडत नाही, तेथे वेगळी ठेवलेली प्रतच कामाला येते.

यादीमुळे रास्त कामही कधी अडते. बिलिंग कंपनीने सर्व्हर बदलला, तर एका सकाळी बिले चढत नाहीत आणि समोर गिऱ्हाईक उभे असते. अशा वेळी ‘थोडा वेळ सगळं उघडं करून टाका’ असा आग्रह होतो. भाषणात त्याचे उत्तर आधीच ठरलेले असावे : यादीत ओळ वाढवण्याचा अधिकार दुकानात एकाच व्यक्तीला असतो, ती व्यक्ती कंपनीला स्वतः फोन लावून नवा पत्ता खात्रीने घेते, आणि ओळीपुढे तारीख व कारण लिहिते. जुना पत्ता त्याच दिवशी काढला जातो.