स्टायपेंडमधून कर कापलाय? विद्यार्थ्याने रिटर्न भरायचं की नाही, हे असं तपासा

‘बारा लाखांपर्यंत कर नाही, मग रिटर्न कशाला?’ हा प्रश्न दर जुलैत ऐकू येतो. त्यात गल्लत आहे. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतचा कर शून्य होतो तो रिबेटमुळे, म्हणजे आकारलेल्या करात मिळणाऱ्या सवलतीमुळे. रिटर्न बंधनकारक होण्याची मर्यादा आर्थिक वर्ष 2025-26 साठी 4 लाख आहे. एकूण उत्पन्न त्याच्या वर गेलं, की कर शून्य असला तरी रिटर्न भरावं लागतं.

आधी काय मोजायचं ते ठरवा. शिक्षणाच्या खर्चासाठी मिळालेली शिष्यवृत्ती करमुक्त असते, ती धरू नका. घरून आलेले पैसेही उत्पन्न नव्हे. इंटर्नशिपचा स्टायपेंड मात्र कामाचा मोबदला असतो, त्यामुळे तो धरायचा. शिकवण्यांची फी आणि बँकेचं व्याजही धरायचं. व्याज हमखास विसरलं जातं.

समजा, एका विद्यार्थिनीला सहा महिने 15,000 रुपये स्टायपेंड मिळाला, म्हणजे 90,000. शिकवण्यांचे 40,000 आणि व्याजाचे 2,000. शिष्यवृत्तीचे 50,000 बाजूला ठेवले, तर उत्पन्न 1,32,000 रुपये. कर नाही, रिटर्नची सक्तीही नाही. पण कंपनीने स्टायपेंड व्यावसायिक फी म्हणून दाखवला होता. अशी फी वर्षात 50,000 च्या वर गेली की 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापला जातो. त्यामुळे हातात 81,000 च आले. उरलेले 9,000 परत हवे असतील, तर सक्ती नसतानाही रिटर्न भरावं लागेल. आणि वर्षभरातला टीडीएस 25,000 किंवा जास्त असेल, तर उत्पन्न कमी असलं तरी रिटर्न बंधनकारक होतं.

कापलेला कर खरोखर तुमच्या पॅनवर जमा झालाय का, हे incometax.gov.in वर लॉगिन करून `e-File` → `Income Tax Returns` → `View Form 26AS` इथे दिसतं. तिथे रक्कम नसेल, तर बहुधा कंपनीने टीडीएसचं विवरणपत्र भरलेलं नसतं किंवा पॅन चुकलेला असतो. दुरुस्ती कंपनीच्या अकाउंट्स विभागालाच करावी लागते. ती होईपर्यंत रिटर्न भरण्याची घाई करू नका.

कर कोणत्या कलमाखाली कापलाय, हेही तिथेच पाहा. रिटर्नचा फॉर्म त्यावरून ठरतो. 192 म्हणजे पगार, त्याला साधारणपणे `ITR-1` चालतो. 194J म्हणजे व्यावसायिक फी. तिथे `ITR-3` किंवा `ITR-4` चा प्रश्न येतो, म्हणून एकदा सीएला विचारलेलं बरं.

रिटर्नसोबत कागद जोडायचे नसतात. कंपनीकडून मिळणारं टीडीएसचं प्रमाणपत्र, म्हणजे पगार असेल तर फॉर्म 16, फी असेल तर 16A, आणि बँक स्टेटमेंट जवळ ठेवा. परतावा येणारं बँक खातं पोर्टलवर आधीच व्हॅलिडेट करून घ्या. `ITR-1` ची मुदत 31 जुलै 2026 आहे. रिटर्न भरल्यावर 30 दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं राहिलं, तर नंतर व्हेरिफाय केल्याची तारीखच रिटर्न भरल्याची तारीख धरली जाते.