उशिरा रिटर्नची लेट फी व्याज खात्यात टाकू नका

भागीदारी फर्मची हिशेबवही तपासताना दर वर्षी हीच चूक दिसते. बँकेच्या कॅश क्रेडिटच्या व्याजाचं जे लेजर आहे, त्यातच इन्कम टॅक्सची लेट फी आणि उशिरा भरलेल्या करावरचं व्याज. नोंद करणाऱ्याचा दोष नाही, बँक स्टेटमेंटमध्ये एकच आकडा येतो.

एक उदाहरण घेऊ. ऑडिट लागू नसलेल्या फर्मची 2023-24 ची मुदत 31 जुलै 2024 होती. तिने 60,000 रुपये कर भरून रिटर्न 18 नोव्हेंबरला दाखल केलं. ॲडव्हान्स टॅक्स भरलाच नव्हता, म्हणून 234A, 234B आणि 234C मिळून व्याज 10,230 रुपये; शिवाय 234F ची लेट फी 1,000. खात्यातून गेले 71,230. कराची तरतूद आदल्या वर्षीच होती, म्हणून उरलेले 11,230 लेखनिकाने ‘व्याज’ खात्यात टाकले.

नफ्यावरचा आयकर हा धंद्याचा खर्च नाही. तो उशिरा भरल्याचं व्याज आणि रिटर्न उशिरा दिल्याची फी कराच्याच मागे येतात, म्हणून तीही वजा होत नाहीत. व्याजाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्येच हे स्पष्ट केलं आहे. बँकेचं व्याज मात्र धंद्यासाठी घेतलेल्या पैशाचं, ते मान्य. एकाच लेजरमध्ये दोन्ही मिसळली की 31.2 टक्के दराने 3,504 रुपये कर कमी भरला जातो, आणि तो पुढे व्याजासकट मागितला जातो.

खरी अडचण कागदाची. फोड फक्त चलनावर असते, आणि चलन कुणी जपून ठेवत नाही. इन्कम टॅक्स पोर्टलवर ‘ई-पे टॅक्स’मध्ये पेमेंट हिस्ट्रीतून ते उतरवून घ्या. त्यावर कर, व्याज, दंड, इतर असे वेगळे रकाने असतात. 234F ची फी ‘दंड’मध्ये नसून ‘इतर’मध्ये दिसेल. ‘दंड’मध्ये शून्य पाहून ‘फी लागलीच नाही’ असं समजणारे मी बरेच पाहिलेत. खात्याने रकान्याला नीट नाव दिलं असतं तर निम्मा गोंधळ वाचला असता.

टॅलीत ‘आयकर व्याज (अमान्य)’ आणि ‘आयकर लेट फी (अमान्य)’ अशी दोन लेजर उघडा. पैसे 2024-25 मध्ये गेले, म्हणून त्या वर्षीच्या नफ्यात 11,230 परत मिळवायचे. रिटर्नमध्ये अमान्य रकमांच्या तक्त्यात ते दाखवायचे. ही पायरी विसरली तर वेगळं लेजर असूनही उपयोग नाही, कारण नफा-तोटा पत्रकात रक्कम वजा झालेलीच असते. सुधारित रिटर्नची मुदत बाकी असेल तर चूक त्यातच दुरुस्त करा. मुदत संपली असेल तर अपडेटेड रिटर्न, आणि त्यात जादा कर भरावा लागतो.

मालक एकटाच असेल तर अमान्य लेजरही नको. हे पैसे त्याच्या वैयक्तिक कराचे, ते थेट उचल खात्यात टाका.