मेश आणि रिपीटर : चिऱ्याच्या घरातील वाय-फाय

घरातल्या एका राउटरचा सिग्नल जिथे पोहोचत नाही तिथे तो नेण्याचे दोन प्रचलित मार्ग आहेत. एक म्हणजे साधा रिपीटर (दुकानात याला एक्स्टेंडरही म्हणतात) आणि दुसरा म्हणजे एकमेकांशी संगनमताने चालणाऱ्या दोन-तीन युनिटांची मेश प्रणाली. गोव्यात हा प्रश्न फ्लॅटपेक्षा जुन्या चिरेबंदी घरात जास्त जाणवतो. दीड-दोन फूट जाडीच्या जांभ्या दगडाच्या भिंती, मध्ये राजांगण, त्याभोवती खोल्या आणि फायबरची तार मात्र ओसरीवर येऊन थांबलेली, अशी फोंडा, डिचोली, पेडणे भागातल्या असंख्य घरांची स्थिती आहे. पणजीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटला पुढचे बरेचसे विवेचन लागू पडत नाही. तिथे राउटर कपाटातून काढून उंच जागी ठेवला तरी बहुधा काम भागते.

रिपीटर काय करतो

रिपीटर राउटरचा सिग्नल एखाद्या मोबाइलसारखा पकडतो आणि तोच पुढे प्रसारित करतो. वाय-फायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. त्यामुळे रिपीटरमार्फत जाणारे प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जाते, एकदा राउटर ते रिपीटर आणि पुन्हा रिपीटर ते मोबाइल. दोन्ही टप्पे एकाच बँडवर असतील तर मिळणारा वेग जास्तीत जास्त निम्मा राहतो. पहिल्याच्या पुढे दुसरा रिपीटर लावला तर त्याहूनही कमी होतो.

मात्र ‘रिपीटर लावला की स्पीड अर्धा होतो’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. निम्मी होते ती हवेतली क्षमता. २.४ गिगाहर्ट्झवर चांगल्या सिग्नलला प्रत्यक्षात ६०-७० एमबीपीएस मिळत असतील तर रिपीटरमागे ३० च्या आसपास उरतात. घरचा प्लॅनच ३० चा असेल तर एकट्यादुकट्याला फरक कळणारसुद्धा नाही. प्लॅन १०० किंवा २०० चा असेल तर लगेच कळतो. दोन बँडचा रिपीटर राउटरशी ५ गिगाहर्ट्झवर आणि मोबाइलशी २.४ वर बोलू शकतो. तेव्हा हे निम्मे होणे बरेचसे टळते, पण राउटरचा ५ गिगाहर्ट्झ सिग्नल रिपीटरपर्यंत पोहोचला तरच. चिऱ्याच्या घरात नेमके तेच कठीण असते.

मेश वेगळी कुठे पडते

मेशमधली युनिटेही हवेतून जोडलेली असतील तर शेवटी एकमेकांचा सिग्नल पुढेच ढकलत असतात. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही. फरक आहे तो तीन गोष्टींत. साऱ्या युनिटांचा कारभार एका ठिकाणाहून चालतो. युनिटांमधला दुवा (याला बॅकहॉल म्हणतात) कोणत्या बँडवर न्यायचा हे प्रणाली स्वतः ठरवते, आणि महागड्या संचांत त्यासाठी तिसरा स्वतंत्र रेडिओ असतो. शिवाय घरभर नेटवर्कचे नाव एकच राहते आणि उपकरणाला एका युनिटवरून दुसऱ्यावर सरकायला मदत मिळते.

ही मदत ८०२.११ मानकाच्या तीन पुरवण्यांतून येते. ‘के’ ही पुरवणी मोबाइलला शेजारच्या युनिटांची यादी देते, ‘व्ही’ कुठे जावे ते सुचवते आणि ‘आर’ सरकताना होणारी ओळखपरेड छोटी करते. पण सरकायचे की नाही हा निर्णय शेवटी मोबाइलचाच असतो. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर. आयफोन साधारण उणे ७० डीबीएमपर्यंत आहे त्या युनिटला धरून राहतो आणि त्याखाली गेल्यावरच दुसरे शोधू लागतो. म्हणून ‘मेश घेतली तरी फोन जुन्या डब्यालाच चिकटतो’ ही तक्रार मेशच्या दोषापेक्षा युनिटे फार जवळजवळ ठेवल्याची असते. पहिल्याचा सिग्नल पुरेसा खाली जातच नाही, मग फोन हलणार कशाला? ‘आर’ सुरू असताना काही जुने प्रिंटर आणि स्मार्ट प्लग जोडलेच जात नाहीत. असे झाल्यास सेटिंगमधले `Fast Roaming` बंद करून पाहावे.

साध्या रिपीटरचे नाव बहुधा मूळ नावापुढे `_EXT` लागून वेगळे दिसते. ओसरीवरून मागीलदारी चालत गेल्यास चालू व्हॉट्सॲप कॉल मध्येच काही सेकंद मुका होतो तो यामुळेच. नाव मुद्दाम वेगळे ठेवण्याचा एक फायदाही आहे. मागच्या खोलीतला टीव्ही किंवा डेस्कटॉप त्याच एका नावाला कायमचा जोडून टाकता येतो. एका जागी बसणाऱ्या उपकरणाला सरकण्याच्या सोयीची गरज नसते.

एक घर

नमुन्यादाखल फोंडा तालुक्यातले राजांगणाचे एक कौलारू घर घेऊ. प्लॅन १०० एमबीपीएसचा. फायबरचा डबा ओसरीवर. मागच्या खोलीतून कुणीतरी घरून नोकरी करते. ती खोली ओसरीपासून सतरा-अठरा मीटरवर आहे आणि सरळ रेषेत मध्ये चिऱ्याच्या तीन भिंती येतात. तिथे ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही आणि २.४ उणे ८२ च्या आसपास, म्हणजे जोडले जाते पण चालत नाही.

अशा वेळी बहुतेक जण रिपीटर आणून थेट त्या मागच्या खोलीतच लावतात. मोबाइलवर सगळ्या दांड्या भरतात, वेग मात्र तीन-चार एमबीपीएसच्या वर जात नाही. दांड्या दाखवतात ते मोबाइल आणि रिपीटरमधले अंतर. रिपीटरला मागून जे उणे ८२ चे मिळते तेच तो पुढे वाटतो. रिपीटर किंवा मेशचे दुसरे युनिट लागते ते जिथे सिग्नल अजून धड आहे तिथे, उणे ६० ते ६५ च्या पट्ट्यात. मोबाइलवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचे कुठलेही ॲप उघडून घरभर फिरले की हा आकडा मिळतो.

या घरात ती जागा राजांगणाच्या कडेला सापडते. ओसरीचा दरवाजा राजांगणात उघडतो, पुढे मोकळे आकाश आणि समोर मागच्या सोप्याची खिडकी. भिंत फोडण्यापेक्षा सिग्नलला ही वाट सोपी आहे. त्या खिडकीशी ठेवलेल्या युनिटला उणे ६२ मिळतात आणि तिथून नोकरीच्या खोलीपर्यंत एकच भिंत उरते. फक्त २.४ वर चालणारा रिपीटर इथे ३० च्या आसपास वेग देतो. दोन बँडची मेश लावली तर दुवा राजांगण ओलांडून ५ गिगाहर्ट्झवर जातो आणि प्लॅनचे १०० बव्हंशी मिळतात. निम्मे होऊनही उरलेली क्षमता प्लॅनपेक्षा मोठी असते.

वाटेत खिडकीवर डासांसाठी ठोकलेली बारीक तारेची जाळी असेल तर मात्र हिशेब कोसळतो. धातूची बारीक जाळी ५ गिगाहर्ट्झला जवळपास भिंतीसारखीच अडवते, नायलॉनची अडवत नाही. पावसाळ्यात चिरा पाणी पितो, तेव्हा भिंतीतून जाणारा सिग्नल आणखी खाली येतो. राजांगणात पडणाऱ्या पावसाचा मात्र एवढ्या अंतरावर काही परिणाम होत नाही. म्हणून जागा ठरवण्याची मोजणी मे महिन्यात केली असेल तर चार-पाच डीबीची शिल्लक हाताशी ठेवलेली बरी.

रिपीटर पुरतो की नाही हे वेगापेक्षा दिरंगाईवरून चांगले कळते. मागच्या खोलीतल्या संगणकावर आधी `ipconfig` देऊन `Default Gateway` समोरचा पत्ता पाहावा आणि त्यालाच पिंग करावे, म्हणजे कंपनीच्या लाइनचा दोष यात मिसळत नाही.

```
ping -n 50 192.168.1.1
```

आकडे पाच-दहा मिलिसेकंदांत राहिले तर दुवा ठीक आहे. ओसरीवर कुणी व्हिडिओ लावताच ते २००-३०० वर उड्या मारू लागले किंवा मध्येच `Request timed out` आले, तर हवा भरली आहे. मीटिंगमध्ये आवाज तुटतो तो याच क्षणी, स्पीड टेस्ट कितीही छान दिसली तरी.

तार ओढणे

तारेने जोडलेल्या युनिटांना हवेतला दुवा लागतच नाही आणि निम्मे होण्याचा प्रश्नच मिटतो. कौलांखालच्या वाशांवरून कॅट-६ केबल नेणे भिंतींना भोके पाडण्यापेक्षा सोपे पडते. मर्यादा १०० मीटरची, घराला पुरून उरणारी. केबल शुद्ध तांब्याची घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल वाकवताना तुटते. गिगाबिटला आठही तारा लागतात. त्यातली एक जोडी जरी नीट बसली नाही तरी दुवा १०० वर उतरतो. ३०० चा प्लॅन असून मागच्या युनिटवर वेग ९४ च्या आसपास अडकून बसला, की कनेक्टर पुन्हा क्रिंप करून घ्यावा.

तार ओढायचीच असेल तर मेशही घ्यावी लागत नाही. पडून असलेला जुना राउटर `AP Mode` मध्ये, म्हणजे राउटरचे काम सोडून नुसते वाय-फाय देण्यापुरता घालून, त्याला ओसरीच्या राउटरचेच नाव आणि पासवर्ड देऊन, पण चॅनेल वेगळा ठेवून लावला तरी चालतो. सरकण्याची मदत मिळणार नाही एवढेच. माझ्या मते राजांगणाच्या घरात पैसा खर्च करायचा तर पहिला तारेवर करावा आणि उरला तर मेशवर.

मेश घेताना आणखी एक गोष्ट हटकून राहून जाते. कंपनीने दिलेला फायबरचा डबा स्वतःच राउटर असतो. त्यामागे मेशचे मुख्य युनिट लावले की दोन राउटर एकामागे एक बसतात. ब्राउझिंग चालते, पण काही ऑनलाइन गेम आणि बाहेरून पाहायचे सीसीटीव्ही अडतात. यावर उपाय दोन आहेत. कंपनीकडून डबा ब्रिज मोडमध्ये करून घ्यावा, म्हणजे तो राउटरचे काम सोडून लाइन नुसती पुढे देतो, नाहीतर मेशच `AP Mode` मध्ये चालवावी. दोन्ही बाबतीत डब्याचे स्वतःचे वाय-फाय बंद करावे, नाहीतर ते मेशच्याच हवेत गर्दी करते.

वाय-फाय अलायन्सने २०१८ मध्ये ‘ईझीमेश’ हे सामायिक मानक आणले, तरी वेगवेगळ्या कंपन्यांची युनिटे एकत्र चालतीलच असे धरून चालता येत नाही. आज दोन युनिटे घेतली तर तिसरे पुढे त्याच मालिकेतले मिळेल का, हे आधी पाहावे. रिपीटरला हा जाच नाही. तो कुठल्याही राउटरला जोडला जातो आणि मेशच्या संचाहून बराच स्वस्तही असतो. एकच खोली अंधारात असेल आणि तिथे एकच माणूस बसत असेल तर तोच घ्यावा.

वीज गेल्यावर मेशचे प्रत्येक युनिट वेगळे बंद पडते. ओसरीवरच्या डब्याला छोटा यूपीएस असून उपयोग नाही, मागच्या युनिटलाही तो लागतो. आणि घरापासून सुटे असलेले आउटहाउस जोडायचे असेल तर उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नये. मेअखेरच्या आणि ऑक्टोबरच्या विजा जवळपास कडाडल्या तरी तिच्यात लाट उठते आणि दोन्ही टोकांची उपकरणे जळतात. तिथे दोन मीडिया कन्व्हर्टर लावून मध्ये फायबर टाकावी. काचेतून वीज वाहत नाही, मात्र आधाराला धातूची तार नसलेली फायबर मागून घ्यावी लागते.